धप्पकन, धाडकन आणि पेरते व्हा

कोकणातल्या परसात नारळ झाडावरून सुटला, की तो कुठे पडला हे घरात बसलेल्या माणसाला न बघताच कळतं. ओल्या मातीत पडला तर 'धप्प'. पडवीच्या पत्र्यावर पडला तर 'धाड'. विहिरीत पडला तर 'डुबुक'. आणि गोष्ट सांगणाऱ्याने 'नारळ धप्पकन पडला' एवढंच म्हटलं, तर खाली माती होती हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ऐकणारा ती माती स्वतःच अंथरून घेतो.

अशा शब्दांना व्याकरणात अनुकरणवाचक किंवा नादानुकारी शब्द म्हणतात. पोरांच्या गोष्टीत ते ठीक, गंभीर लेखनात नकोत, असा आपल्याकडे एक समज आहे. तो बाजूला ठेवू. हे शब्द कुणी कानाला आलं तसं उतरवून घेतलेले नाहीत, ते बांधलेले आहेत. त्यांची बांधणी पाहिली की इंग्रजीत तोच नारळ 'थड' असा का पडतो आणि जपानीत 'दोसुन्' असा का पडतो, हेही समजतं.

'धप्प' हळू उच्चारून बघा. 'ध' म्हणताना घसा घुमतो आणि बरोबर हवेचा झोतही बाहेर येतो, त्यामुळे सुरुवातच जड होते. पुढचा 'अ' अगदी आखूड. मग 'प्प'ला ओठ मिटतात आणि सगळं थांबतं. मातीत पडलेल्या नारळाचंही असंच असतं. दणका खालच्या पट्टीतला असतो आणि माती तो जागच्या जागी पिऊन टाकते. आता स्टीलचं ताट फरशीवर पडलं असं समजा. त्याला आपण 'ठण्ण' म्हणतो. 'ण'ला जीभ टाळूला टेकून तोंडाची वाट बंद होते, पण नाकाची उघडी राहते. म्हणून 'ठण्णण्णण्ण' असं हवं तेवढं लांबवता येतं. 'प'चं तसं करून दाखवा, जमणार नाही. ताट पडल्यावर काही क्षण थरथरत राहतं, आणि शब्दही थरथरत राहतो.

थोडक्यात, शब्दाचं शेवटचं अक्षर आवाज कसा मेला ते सांगतं. प, ट, क आले तर आवाज तुटला: टप, फट, टक. ण, म, न आले तर घुमत राहिला: टण, ढम, छन. आणि स किंवा र आला तर आवाज घासत गेला: फुग्याची हवा जाते ती 'फुस्स', कापड फाटतं ते 'टर्र', चिमणी उडते ती 'भुर्र'.

हे ज्ञान फक्त भाषेच्या अभ्यासकांकडे असतं असं नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घेणाऱ्या बाईकडे बघा. ती माठ एका हातावर तोलते, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने त्याच्या पोटावर टिचकी मारते आणि कान देते. नीट भाजलेला, अखंड माठ 'खण्ण' वाजतो. कुठे बारीक तडा असेल तर 'बद्द' वाजतो, कारण तड्याशी कंप अडतो आणि आवाज पुढे जात नाही. 'बद्द' वाजला की माठ परत खाली ठेवला जातो, त्यावर वादविवाद होत नाही. 'खण्ण'चा शेवट 'ण', 'बद्द'चा शेवट 'द'. खणखणीत नाणं आणि खणखणीत आवाज या शब्दप्रयोगांतही हाच 'खण' वाजतो.

सुरुवातीच्या अक्षराचं कामही असंच नेमकं आहे. मराठीला इथे एक चैन आहे. आपल्याकडे ट आणि ठ, प आणि फ, ग आणि घ, द आणि ध अशा जोड्या आहेत, आणि त्यातलं दुसरं अक्षर हवेचा झोत घेऊन येतं. घड्याळ 'टक' करतं, पण हातोडी 'ठक' करते. लाही 'पट' फुटते, फटाका 'फट'. जोर आणखी वाढवायचा असेल तर स्वर लांबवायचा. 'फटकन' मारलं म्हणजे चापट, 'फाटकन' मारलं म्हणजे गालावर बोटं उमटली. 'खडकन' आणि 'खाडकन', 'धडकन' आणि 'धाडकन' यांतला फरकही असाच. कुणी शिकवलेला नसतो, तरी मराठी घरात वाढलेलं पोर तो चुकवत नाही.

आवाज तयार झाला, की त्याला शेपूट लागतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. त्यात असले शब्द मुबलक आहेत आणि बऱ्याच नोंदींत 'कन, कर, दिनी, दिशी' ही शेपटं एकत्र दिलेली दिसतात. आज 'कन' सगळीकडे चालतं, 'पटदिशी ये' किंवा 'खाडदिशी बोलला' यातलं 'दिशी' बोलण्यात टिकून आहे, बाकीची दोन विरळ झाली आहेत. हे शेपूट सांगतं की गोष्ट एकदाच आणि अचानक घडली. 'धपकन' म्हणजे एक नारळ. 'धपधप' म्हणजे एकसारख्या लयीत, जसं कुणी ओल्या अंगणातून जड पावलांनी चाललंय. 'धपाधप' म्हणजे भराभर, एकावर एक, वाऱ्याने झाड हलल्यावर पडावेत तसे. मधला तो 'आ' घाई आणतो: पटपट आणि पटापट, खळखळ आणि खळाखळ, सपसप आणि सपासप. वर 'आट' जोडला की सगळ्या आवाजांचा मिळून एक गोंगाट होतो: खडखडाट, गडगडाट, किलबिलाट. 'णे' जोडला की क्रियापद: खडखडणे, गडगडणे. आणि धप्पकन पाठीत बसतो तो 'धपाटा', म्हणजे नामसुद्धा झालं.

शाळेच्या पुस्तकात ध्वनिदर्शक शब्दांची यादी असते. ढगांचा गडगडाट, पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम, आणि त्याच दमात तारकांचा चमचमाट. तारे आवाज करत नाहीत, हे यादी करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं असूनही त्याने ते राहू दिलं असावं. राहू दिलं ते बरंच झालं. कारण मराठीत हा साचा आवाजापुरता राहिलेलाच नाही. पोटात मळमळतं, छातीत जळजळतं, पायाला झिणझिण्या येतात, गळू ठणकतं. यातल्या एकालाही ऐकू येणारा आवाज नाही. डॉक्टरसमोर बसलेला पेशंट नेमकी तक्रार याच शब्दांत सांगतो, आणि 'दुखतंय म्हणजे ठणकतंय की चमक मारतेय?' असं डॉक्टरही विचारतात.

इंग्रजीची सोय वेगळी आहे. तिथे आवाज बहुतेक वेळा क्रियापदातच बसतो. दार 'स्लॅम' करतात, बॅग 'थड' होते, माशी 'बझ' करते. मराठीत क्रिया वेगळी आणि आवाज तिच्या शेजारी उभा: दार धाडकन लावलं, बॅग धपकन टाकली. म्हणून इंग्रजीतली गोष्ट मराठीत आणणारा घसरतो तो इथेच. 'त्याने दार जोरात बंद केलं' हे वाक्य चुकीचं नाही, पण त्यातलं दार वाजत नाही. दुसरी घसरण उलट बाजूची: 'बॅग थड असा आवाज करून पडली.' हे वाचून मराठी कानाला बॅग थडग्यावर पडल्यासारखी वाटते. मूळ वाक्यात आवाज किती वेळा झाला, कशावर झाला आणि घुमला की तुटला, हे तीन प्रश्न विचारले की मराठी शब्द आपोआप सापडतो. बॅग लाकडी जिन्यावरून पायरी-पायरीने घसरत आली तर 'धडधडत' आली. सोफ्यावर फेकली तर 'धप्पकन' पडली. रिकामी पत्र्याची ट्रंक असेल तर 'ढणढण'.

स्वरांबद्दल थोडं सांगायला हवं. एडवर्ड सपीर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द लोकांपुढे ठेवले आणि सांगितलं की दोन्हींचा अर्थ टेबल आहे, एक मोठं आणि एक छोटं, कोणतं कोणतं ते ओळखा. सुमारे ८० टक्के लोकांनी 'माल'ला मोठं ठरवलं. 'इ' म्हणताना तोंडातली जागा आवळते, 'आ' म्हणताना मोकळी होते, आणि लहान पोकळीतून बारीक आवाज येतो हे आपण रोज अनुभवतो. मराठी पाऊस याच हिशेबाने पडतो. बारीक पडला तर 'टिपटिप', थेंब मोठे झाले तर 'टपटप'. लहान घंटा 'किणकिण', मोठी 'घणघण'. मात्र हा कल आहे, नियम नव्हे. 'रिमझिम' आणि 'रिपरिप' या दोन्हींत 'इ' आहे, पाऊसही साधारण तेवढाच आहे. तरी रिमझिम पावसात माणूस फिरायला निघतो आणि रिपरिप पावसाला शिव्या देतो. 'म'वर रेंगाळणारा आणि 'प'वर चिकटून बसणारा शब्द, एवढाच काय तो फरक.

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या. एवढा मोठा भोपळा, आत माणूस, वाट जंगलातली. खरं तर तो 'गडगड' किंवा 'धडाधड' जायला हवा. पण गोष्टीत तो 'टुणुक टुणुक' जातो. 'ट'ला जमिनीवर टप्पा, 'उ'ला पोकळी, 'ण'ला किंचित घुमणं आणि 'क'ला पुन्हा उसळी. भोपळा जड राहत नाही, चेंडू होतो. वाघ-कोल्हे वाटेवर टपलेले असताना ऐकणारं पोर हसत राहतं ते त्या 'टुणुक'मुळे. ज्या कुणा आजीने हा शब्द पहिल्यांदा वापरला तिला भोपळ्याच्या वजनापेक्षा पोराच्या झोपेची काळजी जास्त असावी.

मग प्रश्न येतो की आवाज जगात सगळीकडे तोच असताना प्रत्येक भाषेचं ऐकणं वेगळं कसं? कोंबड्यापासून सुरू करू. मराठीत कुकूचकू, जर्मनमध्ये किकेरिकी, फ्रेंचमध्ये कोकोरिको, रशियनमध्ये कुकारेकू, जपानीत कोकेकोक्को. एकमेकांशेजारी ठेवले की फरकापेक्षा साम्य जास्त दिसतं. सगळ्यांत 'क' आहे, चारेक तुकडे आहेत आणि शेवटाला तान आहे. आरवण्यातही तेच असतं: दोन-तीन तुटक झटके आणि एक लांब ओढ. कोंबड्याला ओठ नसतात, दात नसतात, त्याचा आवाज छातीतल्या एका अवयवातून येतो. तो 'क' म्हणतच नाही. त्याच्या आवाजाची अचानक सुरुवात ऐकून माणसाच्या तोंडात जवळात जवळचं जे अक्षर असतं ते 'क' आहे. इंग्रजीचा 'कॉक-अ-डूडल-डू' या ओळीत जरा वेडावाकडा वाटतो. तिथे आधी 'कॉक' म्हणजे कोंबडाच येऊन बसला आहे, आणि पुढचं बालगीतासारखं गमतीचं आहे.

मधमाशीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. त्यातून एक खालच्या पट्टीतला सलग घुमारा निघतो आणि त्यावर एक खरखर असते. इंग्रजीकडे 'झ़'सारखं घासणारं, लांबवता येणारं अक्षर शब्दाच्या शेवटी सर्रास येतं, म्हणून इंग्रजीने खरखर पकडली: 'बझ'. मराठीत तसा शेवट फारसा रुळलेला नाही, पण ण आहे, अनुस्वार आहे. म्हणून आपण घुमारा पकडला: गुणगुण, भुणभुण, गुंजारव. जपानीतही 'बुन् बुन्'. कोण चुकलं? कुणीच नाही. आवाजात दोन्ही गोष्टी आहेत. भाषा ही चाळणी आहे, आणि तिच्या भोकांच्या आकाराचं तेवढंच खाली पडतं.

चाळणीचे नियम कधीकधी आवाजावरही कुरघोडी करतात. जपानी शब्द प, ट, क या अक्षरांवर थांबू शकत नाही. तो स्वरावर संपतो किंवा 'न्'वर. त्यामुळे दार आपटतं ते 'बातान्', जड वस्तू पडते ती 'दोसुन्'. वर मी म्हटलं की 'न' आला म्हणजे आवाज घुमला. जपानीत ते तसंच्या तसं लावता येत नाही, कारण तिथे 'धप्प' म्हणायची मुभाच नाही. मराठी कानाला 'दोसुन्' ऐकून पितळी हंडा पडल्यासारखं वाटेल, जपानी माणसाला तांदळाचं पोतं दिसेल.

कुत्र्याच्या बाबतीत असंच. 'भू भू' हे आपल्याला इतकं उघड वाटतं की दुसरं काही असू शकेल हेच पटत नाही. पण 'भ' हे अक्षर इंग्रजीत नाहीच. तिथे कुत्रा 'बाउ-वाउ' किंवा 'वूफ' करतो, जपानमध्ये 'वान् वान्'. मांजराबद्दल मात्र जगाचं बरंचसं एकमत आहे: म्याऊ, मियाव, जपानीत न्या. मांजर ओरडताना तोंड हळूहळू उघडतं आणि मिटतं, आवाज सुरेल आणि सलग असतो, म्हणजे बराचसा माणसाच्या स्वरांसारखा. भुंकणं हा खरखरीत, फुटलेला आवाज आहे आणि त्यात स्वर-व्यंजन काही नक्की सापडत नाही. आवाज माणसाच्या बोलण्यापासून जितका दूर, तितकी भाषांची पांगापांग जास्त.

आता पावशा. कोकिळेच्या कुळातला, शिकऱ्यासारखा दिसणारा करडा पक्षी. उन्हाळ्यात त्याचं ओरडणं सुरू होतं, दिवसा आणि चांदण्या रात्रीही. हाक तीन तुकड्यांची, मधल्या तुकड्यावर जोर. तीच हाक तो पाच-सहा वेळा देतो, प्रत्येक वेळी पट्टी चढवत नेतो, आणि आता याचा गळा फुटणार असं वाटत असताना एकदम गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून.

मराठी शेतकऱ्याला यात 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ऐकू येतं. हिंदी मुलखात तोच पक्षी पपीहा होतो आणि 'पी कहाँ' विचारतो, म्हणजे प्रियकर कुठे आहे. बंगालमध्ये तो 'चोख गेलो' म्हणून ओरडतो, माझे डोळे गेले. आणि हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात रात्रभर तळमळणाऱ्या इंग्रज साहेबाला त्यात 'ब्रेन फीवर' ऐकू आलं. इंग्रजीत त्याचं नावच ब्रेनफीवर बर्ड पडलं. तीन तुकडे चारही ठिकाणी शाबूत आहेत. त्या तीन तुकड्यांत काय भरायचं हे मात्र ज्याने त्याने आपापल्या उन्हाळ्यातून आणलं: कुणी पेरणी, कुणी विरह, कुणी ताप.

इथे यंत्रणा 'धप्प'पेक्षा वेगळी आहे. 'धप्प'ला दुसरा अर्थ नाही, तो आवाजासाठीच बनला. 'पेर्ते व्हा' हे आधीपासून भाषेत असलेलं वाक्य आहे, ते आवाजावर बसवलं. आणि एकदा बसलं की उठत नाही. ज्याला एकदा 'पेर्ते व्हा' सांगितलं त्याला पुढे त्या हाकेत दुसरं काही ऐकताच येत नाही. काळ्या तित्तिराचंही असंच आहे. उत्तर भारतात त्याच्या ओरडण्यात कुणी 'सुभान तेरी कुदरत' ऐकतो, तर कुणी 'लहसुन, प्याज, अदरक'.

पावशाच्या सांगण्यावर पेरणी करू नये, हेही सांगून टाकतो. तो मार्चपासून ओरडायला लागतो, तेव्हा पावसाचा पत्ता नसतो. त्याचा हंगाम विणीचा असतो. हा पक्षी स्वतः घरटं बांधत नाही, सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी टाकतो, आणि त्यांची वीण सुरू असते तेव्हाच त्याचीही लगबग असते. पाऊस जवळ येईपर्यंत तो ओरडत राहतो, एवढाच योगायोग.

असा शब्द एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेला तर काय होतं, ते बेडकाने दाखवलं आहे. मराठीत बेडूक 'डराव डराव' करतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात पिवळेजर्द झालेले मोठे बेडूक खरोखर तसेच ओरडतात. इंग्रजीत मात्र बेडूक 'रिबिट' म्हणतो. असं ओरडणारा बेडूक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारा एक छोटासा झाडबेडूक आहे. त्याच किनाऱ्यावर हॉलिवूड आहे. चित्रपटवाल्यांना रात्रीच्या आवाजासाठी बेडूक हवे होते, त्यांनी जवळच्या तळ्यावरचे टिपले, आणि ते पडद्यावर आफ्रिकेच्या जंगलातही ओरडले. आता अमेरिकेत वाढणारं मराठी पोर आजीला व्हिडिओ कॉलवर 'बेडूक रिबिट करतो' म्हणून सांगतं, आजी 'डराव' म्हणते, आणि दोघांनी आपापला बेडूक अगदी बरोबर ऐकलेला असतो.